औषधाविना कोलेस्टेरॉल एकदम उतरले, तर कशाचा शोध घ्यावा?

प्रश्न: वडील ६७ वर्षांचे आहेत. कोलेस्टेरॉलची कोणतीही गोळी चालू नाही. गेल्या वर्षी एकूण कोलेस्टेरॉल १८६ होते, या वेळी ९८ आले (एचडीएल २९, एलडीएल ५१, ट्रायग्लिसराइड ९०). लॅबमध्ये ‘एकदम छान रिपोर्ट आहे’ म्हणाले, पण सहा-सात महिन्यांत त्यांचे वजन ६२ वरून ५५ किलोवर आले आहे आणि भूकही मंदावली आहे. थायरॉइड, कुपोषण, यकृताचा आजार किंवा कॅन्सर यांमुळे कोलेस्टेरॉल कमी होते असे वाचले. घाबरण्यासारखे आहे का? आधी कोणती तपासणी करावी?

उत्तर: हा रिपोर्ट छान नाही. तो घेऊन याच आठवड्यात फिजिशियनकडे जावे, असे मी म्हणेन. घाबरून एखाद्या मोठ्या रुग्णालयात संपूर्ण शरीराचे स्कॅन करून घेण्याची मात्र गरज नाही, कारण शोधाची सुरुवात अगदी साध्या तपासण्यांनी होते आणि बहुतेक वेळा दिशा त्यातूनच कळते. माझे लक्ष ९८ या आकड्यापेक्षा दोन गोष्टींकडे अधिक जाते. एक म्हणजे तो त्यांच्या स्वतःच्या जुन्या पातळीच्या जवळजवळ निम्म्यावर आला आहे, आणि दुसरी म्हणजे त्याच काळात त्यांचे वजन अकरा टक्क्यांनी घटले आहे. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजन उतरले, तर एवढ्यावरूनच तपासणी करावी असा नियम आहे. कोलेस्टेरॉलने त्याला दुजोरा दिला आहे, इतकेच.

लॅबमधल्या माणसाला फारसा दोष देता येणार नाही. लिपिड प्रोफाइलच्या छापील कागदावर ‘२०० पेक्षा कमी – इष्ट’ एवढेच लिहिलेले असते. वरच्या बाजूला मर्यादा असते, खालच्या बाजूला बहुधा नसते, त्यामुळे २४० आले की आकडा ठळक होतो आणि ९८ आले तर शेजारी कोणतीही खूण उमटत नाही. वैद्यकीय व्यवहारात मात्र उपचार चालू नसताना एकूण कोलेस्टेरॉल १२० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा किंवा एलडीएल ५० पेक्षा कमी असेल, तर त्याला कमी कोलेस्टेरॉल म्हणतात आणि त्याचे कारण पाहतात. हे आकडेही ढोबळच आहेत. ज्याचे कोलेस्टेरॉल तरुणपणापासून ११५ आहे आणि ज्याची प्रकृती ठणठणीत आहे, त्याला सहसा काहीही झालेले नसते. काही घराण्यांत एलडीएल जन्मतःच कमी असते. पीसीएसके९ नावाच्या जनुकातील विशिष्ट बदलांमुळे असे घडते, आणि २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अशा माणसांना हृदयविकाराचे प्रमाण फारच कमी असल्याचे दिसले. म्हणून वडिलांचे जुने रिपोर्ट, आणि मिळाले तर काका-आत्यांचेही, एकत्र करून डॉक्टरांसमोर ठेवावेत. वडिलांच्या बाबतीत गेल्या वर्षीचे १८६ हाताशी आहेत, त्यामुळे ही जन्मजात गोष्ट नसून नवीन घडामोड आहे हे आपल्याला आधीच कळले आहे.

पुढे जाण्यापूर्वी आकडा खरा आहे याची खात्री करावी. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त घेतले असेल, तर ते पातळ होऊन सगळेच आकडे खाली येतात. एलडीएल अनेक ठिकाणी प्रत्यक्ष मोजत नाहीत. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करून ते काढतात, त्यामुळे ट्रायग्लिसराइड बरेच वाढलेले असेल तर एलडीएल वास्तवापेक्षा कमी दिसते. वडिलांच्या रिपोर्टमध्ये ९८ मधून २९ आणि १८ वजा केले की ५१ उरतात, आणि ट्रायग्लिसराइड ९० च असल्यामुळे हा हिशेब विश्वासार्ह आहे. आणखी एक प्रश्न विचारावा: रक्त देण्याच्या आधीच्या चार-सहा आठवड्यांत न्यूमोनिया, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचा झटका असे काही झाले होते का? अशा आजारपणात एलडीएल आणि एचडीएल दोन्ही झपाट्याने उतरतात, ट्रायग्लिसराइड उलट वाढू शकते, आणि बरे झाल्यावर काही आठवड्यांत सगळे पूर्वपदावर येते. तसे काही झाले असेल तर दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावे. पण सहा-सात महिने चाललेली वजनाची घसरण एका तापाने समजावून सांगता येत नाही.

आता कारणांकडे वळू. रक्तातील कोलेस्टेरॉलपैकी बराच भाग यकृतात तयार होतो आणि रक्तात फिरणारे एलडीएल परत शोषून घेण्याचे कामही मुख्यतः यकृतच करते. आहारातून येणारा वाटा लोकांना वाटतो त्यापेक्षा लहान असतो. तेव्हा पातळी उतरली तर प्रश्न असा पडतो की तयार होणे कमी झाले, की उचल वाढली, की शरीरात दुसरेच कोणीतरी ते वापरत आहे. तुम्ही वाचलेली चारही कारणे याच तीन वाटांनी येतात. मात्र चारही सारखी महत्त्वाची नाहीत. मी नेहमी थायरॉइडपासून सुरुवात करतो, कारण ती तपासणी स्वस्त आहे, उत्तर एका दिवसात मिळते, आजार पूर्णपणे आटोक्यात येतो, आणि उतारवयात तो सर्वांत जास्त निसटतो.

थायरॉइड संप्रेरक वाढले की यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडणारे ग्राहक वाढतात आणि रक्तातले एलडीएल वेगाने उचलले जाते. त्याच वेळी कोलेस्टेरॉलची निर्मितीही वाढते, हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण उचल निर्मितीपेक्षा पुढे जाते आणि कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतरही जोरात होते, त्यामुळे रक्तातील पातळी खाली जाते. सहसा एचडीएलही उतरते. तरुण रुग्णांत हे ओळखणे सोपे असते, कारण हात थरथरतात, घाम येतो, डोळे मोठे दिसतात, खाणे वाढूनही वजन उतरते. साठीच्या पुढे हे चित्र अनेकदा पुसट होते. माणूस उत्तेजित दिसण्याऐवजी थकलेला, अबोल आणि उदास दिसतो, भूक वाढण्याऐवजी कमी होते, गलगंड हाताला लागत नाही. उरते ते वजन घटणे, मांड्यांतली ताकद जाणे आणि अनियमित नाडी. घरच्यांना वाटते की वयोमानाने झाले. म्हणूनच वडिलांची भूक मंदावली आहे एवढ्यावरून थायरॉइड बाजूला ठेवता येत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, ओळख पटू नये एवढे बदल करून. एकसष्ट वर्षांच्या एक बाई मधुमेहाच्या तक्रारीसाठी माझ्याकडे आल्या. हृदयविकाराच्या प्रतिबंधासाठी त्या चार वर्षे रोसुव्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम घेत होत्या आणि तेवढ्या काळात त्यांचे एकूण कोलेस्टेरॉल १६० च्या आसपास, एलडीएल ९० च्या आसपास स्थिर होते. या वेळी एकूण १०२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड ८५ आणि एलडीएल ४९ आले होते. गोळी तीच, मात्रा तीच. वजन आठ महिन्यांत सहा किलोंनी उतरले होते आणि बाई त्यावर खूश होत्या, कारण त्यांनी रात्रीचा भात सोडला होता. पण भात सोडला, वजन उतरले, तर साखर सुधारायला हवी. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारे एचबीए१सी मात्र ७.० वरून ८.१ वर गेले होते. ही विसंगती मला कोलेस्टेरॉलपेक्षाही बोलकी वाटली. दुसरी खूण यकृताच्या रिपोर्टमध्ये होती: अल्कलाइन फॉस्फेटेज १७८, म्हणजे वाढलेले, पण यकृताचा त्रास असता तर सोबत वाढणारे जीजीटी अगदी नॉर्मल. म्हणजे ते वाढलेले फॉस्फेटेज यकृताचे नसून बहुधा हाडांचे होते, आणि थायरॉइड वाढलेला असताना हाडांची झीज-भर वेगाने होत असल्यामुळे ते वाढते. नाडी १०८ आणि अनियमित होती. खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगितले, तेव्हा त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

थायरॉइड जास्त काम करू लागला की टीएसएच उतरते; त्यांचे ते ०.०१ पेक्षाही कमी आले, फ्री टी४ वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक होते, आणि टीएसएचच्या ग्राहकांवर काम करणारी प्रतिपिंडे सापडल्याने, अशा प्रतिपिंडांमुळे ग्रंथी अतिसक्रिय होण्याचा ग्रेव्हज आजार असल्याचे निश्चित झाले. ईसीजीमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, दिसली. कार्बिमॅझोल २० मिलिग्रॅम सुरू केले, नाडीसाठी बीटा-ब्लॉकर दिले आणि गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारे औषध दिले. कार्बिमॅझोल घेताना ताप आला किंवा घसा फार दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजायच्या, हे कागदावर लिहून दिले, कारण क्वचित त्या धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. तीन महिन्यांनी फ्री टी४ नॉर्मल झाले होते, वजन तीन किलोंनी वाढले होते, साखर सुधारली होती, आणि एलडीएल ९४ झाले होते. त्यांचा मुलगा अस्वस्थ होऊन म्हणाला, “डॉक्टर, थायरॉइडच्या गोळीने आईचं कोलेस्टेरॉल वाढलं.” वाढले होते खरे, पण ते त्यांच्या नेहमीच्या जागी परत आले होते. ग्रंथी शांत झाल्याचीच ती खूण होती, आणि बाईंच्या हृदयाला ९४ हे खरे किती चालेल, हा वेगळा प्रश्न आम्ही त्यानंतर हाती घेतला.

टीएसएच पाहताना एक सावधगिरी बाळगावी. केसांसाठी किंवा नखांसाठी मिळणाऱ्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या मात्रेत असते, आणि काही यंत्रांवर ते टीएसएच खोटे कमी व टी४ खोटे जास्त दाखवते. अशी गोळी चालू असेल तर ती किमान दोन-तीन दिवस बंद ठेवून मग रक्त द्यावे.

थायरॉइड नॉर्मल आला, तर पुढचा विचार यकृताचा. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहिले आहे म्हणून कोलेस्टेरॉल कमी झाले, असे सहसा होत नाही. फॅटी लिव्हरच्या सुरुवातीच्या टप्प्यात ट्रायग्लिसराइड वाढलेले असणेच नेहमीचे. पित्तमार्ग अडला तरीही कोलेस्टेरॉल वाढते, कमी होत नाही. ते कमी होते ते यकृताच्या पेशींचीच निर्मितीक्षमता ढासळते तेव्हा, म्हणजे सिरॉसिसच्या पुढच्या टप्प्यात. म्हणून एकट्या कोलेस्टेरॉलकडे न पाहता यकृत जे जे बनवते ते सगळे एकत्र पाहायचे. अल्ब्युमिन उतरले आहे का, रक्त गोठण्याचा काळ दाखवणारा आयएनआर वाढला आहे का, बिलिरुबिन चढले आहे का? त्याबरोबर प्लेटलेट्स पाहायच्या, कारण सिरॉसिसमध्ये प्लीहा मोठी होऊन त्या हळूहळू कमी होतात, आणि रुग्णाला काहीही जाणवण्याच्या कितीतरी आधीच्या जुन्या रिपोर्टमध्ये त्या १ लाख २० हजार, मग १ लाख अशा उतरत गेलेल्या सापडतात. एसजीपीटी नॉर्मल असल्याने यकृत ठीक आहे, असे मात्र समजू नये. सिरॉसिस जुना झाल्यावर ते अगदी नॉर्मल असू शकते.

हिपॅटायटिस सी ची गोष्ट थोडी वेगळी आहे. हा विषाणू यकृतातून चरबी बाहेर पाठवणाऱ्या यंत्रणेचाच स्वतःसाठी वापर करतो, त्यामुळे सिरॉसिस झालेला नसतानाही एलडीएल कमी दिसू शकते, आणि सुमारे तीन महिन्यांच्या गोळ्यांनी विषाणू गेल्यावर ते वाढते. पूर्वी रक्त चढवले असेल, जुनी शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा गावाकडे एकच सुई अनेकांना वापरली जात असे अशा काळात इंजेक्शने घेतलेली असतील, तर ही तपासणी नक्की करावी. तिला फारसा खर्च येत नाही.

कुपोषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हाडांचा सापळा झालेले मूल येते, पण शहरातल्या सुखवस्तू घरात एकटे जेवणारे वृद्ध गृहस्थही कुपोषित असू शकतात. कवळी नीट बसत नाही म्हणून फक्त चहात बुडवलेली बिस्किटे आणि मऊ भात, जोडीदार गेल्यानंतर स्वयंपाकात मन नाही, गिळताना अडकते म्हणून पोळी बंद: अशा घरगुती कारणांनी महिनोन्महिने प्रथिने आणि उष्मांक दोन्ही कमी पडतात, आणि यकृताकडे एलडीएलचे कण बांधायला पुरेसा कच्चा माल राहत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना वडिलांनी गेल्या तीन दिवसांत प्रत्यक्ष काय खाल्ले ते लिहून न्यावे. ‘व्यवस्थित जेवतात’ या उत्तराचा काही उपयोग होत नाही. गिळायला त्रास होतो का, हे वेगळे विचारावे, कारण त्याचे उत्तर ‘हो’ असेल तर पुढची पायरी एंडोस्कोपी असते, आहारतज्ज्ञ नव्हे.

रुग्णालयांत पोषणस्थिती मोजण्यासाठी अल्ब्युमिन, लिम्फोसाइट पेशी आणि कोलेस्टेरॉल या तिन्हींवर आधारित एक गुणपद्धती वापरतात, आणि तिच्यात कोलेस्टेरॉल १०० च्या खाली असणे हा सर्वांत वाईट गट आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्यावरून धोक्याचा अंदाज घेतात. पण येथेही अपवाद आहे. अॅनोरेक्सिया नर्व्होसा या आजारात तरुण मुली अक्षरशः उपाशी राहतात, तरी त्यांचे कोलेस्टेरॉल पुष्कळदा वाढलेले असते. तेव्हा कोलेस्टेरॉल चांगले आहे म्हणून पोषण चांगले आहे, असा उलटा निष्कर्ष काढू नये.

खाणे पुरेसे असूनही ते अंगी लागत नसेल, तर अपशोषणाचा विचार करावा. शौचाला पातळ, चिकट, तेलकट, पाण्यावर तरंगणारे आणि फार दुर्गंधीयुक्त होत असेल, तर स्वादुपिंड किंवा लहान आतडे यांत दोष असण्याची शक्यता वाढते. दीर्घकाळ मद्यपान केलेल्या माणसात जुनाट स्वादुपिंडदाह आणि यकृताचा आजार दोन्ही एकत्र असू शकतात. आपल्याकडे क्षयही विसरता येत नाही. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, किंवा पोटात पाणी होणे यांपैकी काही असेल, तर छातीचा एक्स-रे आणि थुंकीची जनुकीय चाचणी आधी करावी. शिवाय विदर्भ आणि सातपुड्याच्या पट्ट्यातल्या कुटुंबांसाठी एक नोंद: सिकलसेल आणि थॅलेसेमिया यांसारख्या जुनाट रक्तक्षयांत, लाल पेशी सतत नव्याने घडवाव्या लागत असल्याने, कोलेस्टेरॉल कायमच कमी राहते. त्या रुग्णांत १०० चा आकडा नव्या संकटाची बातमी असेलच असे नाही.

आता कॅन्सर. तुमच्या प्रश्नातली खरी भीती बहुधा हीच आहे, म्हणून त्यावर जरा सावकाश बोलू. १९७० आणि ८० च्या दशकांत निरनिराळ्या देशांत हजारो लोकांवर वर्षानुवर्षे ठेवलेल्या नजरेतून असे दिसले की सुरुवातीला कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांत पुढे कॅन्सरने होणारे मृत्यू जरा जास्त आहेत. त्यातून ‘कोलेस्टेरॉल कमी केले की कॅन्सर होतो’ ही समजूत निघाली आणि ती अजून अधूनमधून डोके वर काढते. पण नोंदणीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतले मृत्यू वगळून हिशेब केला, तेव्हा हा संबंध बराचसा विरला. म्हणजे कॅन्सर आधीच शरीरात होता, अजून सापडला नव्हता, आणि त्यानेच कोलेस्टेरॉल उतरवले होते. पुढे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या मोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एलडीएल खाली आणल्याने कॅन्सर वाढत नाही हे स्पष्ट झाले, आणि पीसीएसके९ रोखणाऱ्या इंजेक्शनांनी एलडीएल ३० च्या आसपास किंवा त्याखाली गेलेल्या रुग्णांतही तो वाढलेला दिसला नाही. कमी कोलेस्टेरॉल कॅन्सर घडवत नाही. कधी कधी कॅन्सर ते कमी करतो.

तो ते दोन प्रकारे करतो. वेगाने वाढणाऱ्या पेशींना नवी आवरणे बांधायला कोलेस्टेरॉल लागते आणि त्या ते रक्तातून ओढून घेतात. हे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, विशेषतः तीव्र ल्युकेमियात, सर्वांत ठळक दिसते. उपचाराने आजार मागे हटला की पातळी वाढते. दुसरा मार्ग अधिक सर्वसाधारण आहे: भूक मरणे, दीर्घकाळची दाहस्थिती, यकृतात पसरलेला आजार. पोटाच्या, आतड्याच्या, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये बहुधा हा मार्ग असतो. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरमध्ये आणखी एक गंमत होते. रक्तातील असामान्य प्रथिन काही यंत्रांच्या मोजणीत अडथळा आणते आणि एचडीएल १० किंवा त्याहूनही कमी, न पटण्याजोगे, छापून येते. असे एचडीएल दिसले आणि सोबत रक्तक्षय, पाठदुखी किंवा वाढलेले ग्लोब्युलिन असेल, तर प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी सांगावी.

पण केवळ कोलेस्टेरॉलवरून कॅन्सरचे निदान होत नाही, आणि त्याची शक्यता किती हेही सांगता येत नाही. तो आकडा फक्त शोध लवकर घ्यायला भाग पाडतो. शोधाची दिशा बाकीच्या तक्रारी ठरवतात.

वडिलांसाठी मी पुढील क्रम ठेवीन. सर्वप्रथम डॉक्टरांनी त्यांना पूर्ण तपासावे: नाडी, मान, काखेतल्या आणि जांघेतल्या गाठी, पोट, तोंड, आणि गुदमार्गाची बोटाने तपासणीसुद्धा, जी आपल्याकडे संकोचामुळे टाळली जाते. त्याच दिवशी टीएसएच व फ्री टी४, संपूर्ण रक्तगणना आणि पेशींची स्लाइड, यकृत व मूत्रपिंडाच्या चाचण्या, आयएनआर, साखर, ईएसआर किंवा सीआरपी, हिपॅटायटिस बी व सी, एचआयव्ही आणि लघवीची तपासणी यांसाठी रक्त व नमुने द्यावेत, आणि लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे. छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी दोन-तीन दिवसांत होऊ शकते. येथे थांबून सगळे एकत्र वाचावे. हिमोग्लोबिन कमी आणि लोह कमी असेल, तर या वयात जठर आणि मोठे आतडे दुर्बिणीतून पाहायलाच हवे, मूळव्याध आहे असे गृहीत धरून लोहाच्या गोळ्या देत बसू नये. ग्लोब्युलिन वाढलेले असेल तर इलेक्ट्रोफोरेसिस. तंबाखू किंवा बिडीची सवय असेल, तर एक्स-रे नॉर्मल असूनही छातीच्या सीटी स्कॅनचा विचार. शौचाची तक्रार असेल तर गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या सिलिअॅक आजाराची रक्तचाचणी आणि स्वादुपिंडाची तपासणी.

‘कॅन्सर पॅकेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्यूमर मार्करच्या यादीवर पैसे घालवू नका. सीए १९-९ पित्तमार्ग अडल्यावरही वाढते, सीईए धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेले असू शकते, आणि दोन्ही नॉर्मल आली तरी कॅन्सर नाही असे म्हणता येत नाही. त्यातून घबराट किंवा खोटा दिलासा, दोहोंपैकी एक मिळतो.

आणखी दोन गोष्टी टाळाव्यात. कोलेस्टेरॉल वाढवायचे म्हणून तूप, अंड्यांचा बलक आणि लोणी यांचा मारा करू नये. आकडा हा परिणाम आहे, तो वर चढवल्याने कारण दूर होत नाही, आणि यकृत किंवा स्वादुपिंड बिघडलेले असेल तर इतके स्निग्ध पचतही नाही. उष्मांक आणि प्रथिने वाढवणे योग्य, पण खाणे महिनोन्महिने फार कमी असेल तर एकदम भरपूर जेवण किंवा ग्लुकोजच्या बाटल्या देणे धोक्याचे ठरते. अशा शरीरात अन्न अचानक वाढले की रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कोसळून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून आहार टप्प्याटप्प्याने वाढवावा आणि सुरुवातीला या क्षारांवर लक्ष ठेवावे. दुसरी गोष्ट हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी: स्टॅटिन चालू असताना एलडीएल ४५ आले, तर ते औषधाने साधलेले असते आणि हृदयविकार झालेल्या रुग्णात तेच हवे असते. घाबरून गोळी बंद करू नये. तीच गोळी, तीच मात्रा असताना आकडा नव्याने निम्म्यावर आला, तरच वरचा सगळा विचार लागू होतो.

कावीळ, काळी शौच, रक्ताची उलटी, गिळता न येणे, गुंगी किंवा बरळणे, विश्रांतीतही १२० च्या वर जाणारी नाडी, अथवा पोटात वेगाने पाणी साठणे यांपैकी काही असेल, तर ठरलेल्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. असे काही नसेल आणि वरच्या पहिल्या फळीच्या तपासण्या व प्रत्यक्ष तपासणी सगळी नॉर्मल निघाली, तर दडलेला मोठा आजार असण्याची शक्यता बरीच कमी होते. मग नैराश्य, विस्मरण, दातांचे दुखणे आणि चालू असलेली औषधे यांचा शोध घ्यावा, कारण मेटफॉर्मिन आणि डिगॉक्सिनसारख्या औषधांनीही भूक जाते. दर पंधरा दिवसांनी एकाच काट्यावर, सकाळी, त्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहावे, आणि तीन महिन्यांनी रक्तगणना, अल्ब्युमिन व लिपिड प्रोफाइल पुन्हा करावे. त्या काळात वजन आणखी उतरले, तर पहिल्या तपासण्या नॉर्मल होत्या या आधारावर थांबू नये, शोध पुन्हा सुरू करावा.